लॅपटॉपला मॉनिटर दिसतो, मॉनिटर मात्र "No Signal" म्हणतो

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला राहते, घरून काम करते. लॅपटॉपला 24 इंची मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो नावासकट दिसतो, माउससुद्धा उजवीकडे सरकून त्याच्यात निघून जातो, पण मॉनिटरवर फक्त "No Signal". टेबल खिडकीपाशी हलवलं म्हणून पाच मीटरची केबल आणली होती, तीन-चार दिवस चालली आणि मग हे सुरू झालं. केबल काढून घातली, लॅपटॉप रिस्टार्ट केला. दुकानदार म्हणतो, लॅपटॉपला दिसतोय म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक आहेत, मॉनिटर गेला. मॉनिटर दुरुस्तीला टाकू का?

उत्तर:

इतक्यात टाकू नका. दुकानदाराचं म्हणणं ऐकायला पटतं, पण ते उलटं आहे. लॅपटॉपला मॉनिटर दिसला एवढ्यावरून केबल किंवा पोर्ट निर्दोष ठरत नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात माझा पहिला संशय त्या पाच मीटरच्या केबलवर आहे, दुसरा लॅपटॉपच्या पोर्टवर, आणि मॉनिटरचा नंबर सगळ्यात शेवटी. का ते आधी सांगतो, कारण ते कळलं की तपासणीचा क्रम तुमचा तुम्हालाच सुचेल.

एचडीएमआयच्या तोंडात 19 पिना असतात. त्यातल्या पहिल्या 12 पिनांवर चित्र जातं. तारांच्या चार जोड्या असतात, तीन रंगांच्या माहितीसाठी आणि एक ठोका देण्यासाठी, म्हणजे क्लॉकसाठी. प्रत्येक जोडीला स्वतःचं शील्ड असतं. उरलेल्या पिना किरकोळ कामाच्या. 18 नंबरवरून लॅपटॉप मॉनिटरला 5 व्होल्ट देतो. मॉनिटर 19 नंबरवरून तेच व्होल्टेज परत पाठवून "आलो" म्हणून हात वर करतो. मग लॅपटॉप 15 आणि 16 नंबरच्या तारांवरून मॉनिटरमधली एक छोटी मेमरी वाचतो. तिच्यात मॉनिटरचं नाव, आकार आणि त्याला कुठली रिझोल्यूशन चालतात याची यादी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. सेटिंगमध्ये तुम्हाला जे नाव दिसतं ते इथून आलेलं असतं.

आता वेगाचा फरक बघा. ईडीआयडी वाचण्याची तार 100 किलोहर्ट्झच्या आसपास चालते. एवढ्या कमी वेगाला कसलीही तार पुरते, अगदी आतून अर्धवट तुटलेलीसुद्धा. चित्राच्या जोड्यांवर मात्र 1920 × 1080 आणि 60 हर्ट्झला क्लॉक 148.5 मेगाहर्ट्झचा असतो, आणि प्रत्येक रंगाच्या जोडीवर त्याच्या दहापट बिट धावतात, सेकंदाला जवळपास दीडशे कोटी. म्हणजे मॉनिटर "दिसणं" म्हणजे दारावरची पाटी वाचता येणं. आत कोणी आहे का, हाक पोचते का, ते पाटीवरून कळत नाही.

पटत नसेल तर घरीच करून बघा. मॉनिटरची पॉवर केबल भिंतीतून काढा आणि एचडीएमआय तशीच राहू द्या. बऱ्याच मॉनिटरच्या बाबतीत लॅपटॉपला तो तरीही नावासकट दिसत राहतो, कारण ईडीआयडीच्या मेमरीला लागणारी वीज लॅपटॉपच्याच 5 व्होल्टमधून जाते. ज्या मॉनिटरला वीजच नाही तो "दिसतो", तर दिसण्याचा पुरावा म्हणून उपयोग किती ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या पत्रात एक बारीक पण कामाची गोष्ट आहे: माउस उजवीकडे निघून जातो. याचा अर्थ विंडोजने तो पडदा चालू धरलाय आणि त्याच्यासाठी चित्र काढणं सुरू आहे. म्हणून तुमच्या बाबतीत `Win + P` दाबून "Extend" निवडण्याचा सल्ला फुकट जाईल, ते आधीच झालेलं आहे. ज्यांचा माउस पलीकडे जात नाही त्यांनी मात्र आधी तेच बघावं. तिथे "PC screen only" असेल तर मॉनिटर यादीत दिसतो पण लॅपटॉप चित्र पाठवतच नाही, आणि "No Signal" हे अगदी खरं उत्तर असतं. दोन-तीन वेळा लोक मॉनिटर गाडीवर बांधून माझ्याकडे घेऊन आले आणि मी तेवढी एक कळ दाबली.

तरीही विंडोज नक्की काय पाठवतोय ते एकदा वाचून घ्या. Settings, System, Display, खाली Advanced display. वरच्या यादीतून दुसरा मॉनिटर निवडायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉपच्याच पडद्याची माहिती वाचत बसाल. तिथे दोन ओळी असतात: "Desktop mode" आणि "Active signal mode". पहिली म्हणजे विंडोजने चित्र केवढं काढलंय. दुसरी म्हणजे तारेवर प्रत्यक्षात काय सोडलंय. आपल्याला दुसरी हवी. ती कागदावर लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता मॉनिटरकडे. त्याच्या खालच्या किंवा मागच्या बटणाने मेन्यू उघडा आणि इनपुट हाताने निवडा. "Auto" वर ठेवू नका. दोन एचडीएमआय पोर्ट असलेल्या मॉनिटरवर केबल एकात आणि इनपुट दुसऱ्याचं, हा प्रकार रोजचा आहे. त्यातही लॅपटॉपला मॉनिटर दिसतोच, कारण पाटी दोन्ही दारांवर आहे. टेबल हलवताना केबल दुसऱ्या भोकात गेली असेल तर प्रकरण इथेच मिटेल.

मॉनिटर नक्की कुठले शब्द दाखवतो तेही नीट वाचा. "No Cable" किंवा "Check cable" असेल तर बऱ्याच मॉनिटरच्या भाषेत त्याला 5 व्होल्टच मिळालेले नाहीत. "Out of range" किंवा "Input not supported" असेल तर उलट आनंदाची गोष्ट, सिग्नल पोचतोय, फक्त त्याला न झेपणारा आहे, तेव्हा दोष सेटिंगचा. "No Signal" म्हणजे जोडणी जाणवते पण क्लॉकच्या जोडीवर ओळखता येईल असं काही नाही. तुमचा प्रकार हा तिसरा.

यापुढची चाचणी सगळ्यात मोलाची, आणि तिला एक पैसा लागत नाही. वेग कमी करून बघायचा. केबल किंवा पोर्ट जेमतेम तग धरून असेल तर निम्म्या वेगाला चित्र येतं. पण इथे एक फसगत आहे. साध्या Display पानावरून रिझोल्यूशन कमी केलं तर पुष्कळदा लॅपटॉप चित्र लहान काढतो आणि तारेवर सोडताना पुन्हा ताणून 1920 × 1080 करतो. तुम्हाला वाटतं वेग कमी केला, तारेला काहीच फरक पडलेला नसतो. म्हणून Advanced display मध्येच "Display adapter properties for Display 2" असं आहे ते उघडा, "List All Modes" दाबा आणि यादीतून 1280 by 720, 60 Hertz निवडा. लागू केल्यावर "Active signal mode" ची ओळ पुन्हा वाचा. तिथेही 1280 × 720 दिसलं तरच चाचणी खरी.

दुसरी फसगत हर्ट्झची. 60 ऐवजी 50 हर्ट्झ केलं की वेग कमी झाला असं वाटतं. 1080 च्या टीव्ही पद्धतीच्या टायमिंगमध्ये 50 ला सुद्धा क्लॉक 148.5 मेगाहर्ट्झच राहतो, फक्त दोन ओळींमधली मोकळी जागा वाढते. 30 हर्ट्झ केलं तर तो खरा निम्मा होतो, 74.25. आणि 1280 × 720 ला 60 हर्ट्झवरही तेवढाच, 74.25. यादीत यातलं जे मिळेल ते घ्या.

हे सगळं लॅपटॉपच्या पडद्यावरूनच होतं. बदल लागू केला की "Keep changes" विचारणारी चौकट येते. 15 सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज आपोआप मागे फिरतो, तेव्हा मॉनिटरकडे बघत बसून ती वेळ घालवू नका.

720 ला चित्र आलं तर मॉनिटर चांगला आहे, त्याला दुकानात नेण्याचं कारण उरलं नाही. संशय केबलवर पक्का झाला. थोडासा लॅपटॉपच्या पोर्टवरही राहतो. 720 लाही काहीच आलं नाही तर एखादी जोडी पूर्णच तुटलीय, किंवा पोर्टची एखादी पिन लागत नाही, किंवा मॉनिटर. तेव्हा अदलाबदल करायची, ते पुढे सांगतो.

याच चाचणीने सुटलेलं एक प्रकरण सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची एक अडत आहे. मालक आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसतात आणि बाहेरच्या पेढीवर भिंतीला मॉनिटर लावलाय, शेतकऱ्यांना सौद्याचे भाव दिसावेत म्हणून. मधली केबल दहा मीटरची, केसिंग पट्टीतून नेलेली. जुना मॉनिटर 1366 × 768 चा होता, तो चार वर्षं चालला. तो गेला म्हणून नवा घेतला, 1920 × 1080 चा. लावला तर "No Signal". लॅपटॉपला नाव दिसतंय. दुकानातून बदलून दुसरा आणला, तोही तसाच. मग सगळ्यांनी लॅपटॉपला दोष दिला आणि मला बोलावलं.

मी जुन्या सवयीने आधी मॉनिटर उतरवून लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला आणि पिशवीतली एक मीटरची केबल लावली. लगेच चित्र. पुन्हा भिंतीवर नेऊन दहा मीटरची लावली, "No Signal". आता केबल तुटलीय म्हणावं तर जुना मॉनिटर कालपरवापर्यंत त्याच केबलवर चालत होता. मग वर सांगितली तशी 1280 × 720 निवडली आणि भिंतीवर हळदीचे भाव उमटले. 1920 × 1080 केलं की पुन्हा अंधार. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच.

आकड्यांत कारण सरळ आहे. 1366 × 768 ला 60 हर्ट्झवर क्लॉक 85.5 मेगाहर्ट्झ लागतो. नव्या मॉनिटरने मागितले 148.5. केबल बदलली नव्हती, तिच्यावरचं ओझं पावणेदोनपट झालं होतं. लांब तारेत वरच्या वेगाचा सिग्नल जास्त झिजतो, आणि पलीकडे पोचेपर्यंत मॉनिटरला त्यात शून्य कुठलं आणि एक कुठला हेच उमगत नाही. पाटीची तार मात्र तितक्याच लांबीवर मजेत वाचली जात होती. नवा मॉनिटर येणं ही केबलची परीक्षा होती, आणि ती नापास झाली.

केसिंग पट्टी उघडल्यावर दिसलं की दाराच्या चौकटीपाशी केबल काटकोनात दाबून पट्टीचा खिळा तिच्या कडेला घासून मारलाय. केबल अंगाने पेन्सिलीपेक्षा बारीक, वर छापलंय "4K". नवीन जाड केबल चौकटीपाशी गोलसर वळवून नेली, आणि 1920 × 1080 सुरू झालं. ती येईपर्यंत दोन दिवस त्यांना 720 वरच ठेवलं होतं. भावाच्या पाटीला 720 काही वाईट नाही, मालक तर म्हणाले अक्षरं मोठी दिसतात, राहू दे.

तुमच्या पाच मीटरच्या बाबतीत "तीन-चार दिवस चालली" हे याच्याशी जुळतं. काठावरची केबल असंच वागते. ती बंद पडण्याच्या आधी पडदा मधूनच एखादा सेकंद काळा व्हायचा का, किंवा गडद भागात पांढरे ठिपके चमकायचे का, ते आठवून बघा. तसं होत असेल तर ती मरणपंथाला लागल्याची खूण होती. खिडकीपाशी टेबल म्हणजे केबल कुठे तरी टेबलाच्या पायाखाली किंवा खिडकीच्या सरकत्या काचेखाली दबली नाही ना, तेही हात फिरवून बघा. दोन्ही टोकांच्या प्लगपासून पहिल्या चार बोटांवर सगळ्यात जास्त केबली तुटतात.

केबल घेताना "4K", "8K", सोन्याचा मुलामा या छापील गोष्टींवर जाऊ नका. केबलच्या अंगावर किंवा खोक्यावर "High Speed" हे शब्द शोधा. त्या दर्जाची चाचणी 340 मेगाहर्ट्झपर्यंत असते, तुमच्या 148.5 ला ती भरपूर झाली. नुसत्या "Standard" दर्जाची चाचणी 74.25 पर्यंतच असते, म्हणजे 720 पुरती, आणि गंमत म्हणजे जवळच्या जवळ तीही 1080 चालवून जाते, म्हणून कुणाला कळत नाही. पाच मीटर आणि पुढे जायचं तर तार जाड हवी. अंगावर 28 AWG, 24 AWG असं छापलेलं असतं, त्यात आकडा जितका लहान तितकी तार जाड. आणि जमलं तर लॅपटॉपच मॉनिटरजवळ आणा. दीड मीटरची साधी केबल पाच मीटरच्या भारी केबलपेक्षा कमी कुरबुर करते, हे माझं वीस वर्षांचं मत आहे.

आता अदलाबदल. घरी टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स असेल तर तुमच्याकडे अर्धं वर्कशॉप आहे. सेट टॉप बॉक्सची केबल सहसा एक-दीड मीटरची आणि चालू स्थितीतली असते. ती काढा आणि लॅपटॉप मॉनिटरजवळ नेऊन तिनेच जोडा. बाकी काहीही बदलू नका. चित्र आलं तर पाच मीटरची केबल बाद, काम संपलं. नाही आलं तर तीच केबल ठेवून लॅपटॉप टीव्हीला लावा. टीव्हीवर आलं तर लॅपटॉपचा पोर्ट चांगला, संशय मॉनिटरवर. टीव्हीवरही नाही आलं तर पोर्टवर. उलट बाजूने पडताळायचं तर सेट टॉप बॉक्स मॉनिटरला लावा. बॉक्स 1080i वर असेल तर काही मॉनिटर ते घेत नाहीत, म्हणून टीव्हीवर असतानाच बॉक्सच्या सेटिंगमध्ये 720p करून मग आणा. आणि मॉनिटर जुना असेल तर बॉक्सचा मेन्यू दिसला तरी पुरे, कॉपी संरक्षणामुळे चॅनेल काळा राहू शकतो, त्यावरून मॉनिटर खराब ठरवू नका.

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा यातला एकमेव नियम. धंद्याच्या सुरुवातीला मी एका मुलाच्या मॉनिटरचा बोर्ड बदलला होता, कारण केबल आणि पोर्ट दोन्ही "तपासून" झाले होते. तपासणी अशी की केबल बदलली आणि त्याच दमात मॉनिटरचा दुसरा पोर्टही वापरला. केबल खराबच होती आणि बदललेली केबलही. बोर्डाचे पैसे मी परत केले. तेव्हापासून टेबलाच्या खणात एक केबल लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीय, ती फक्त चाचणीला, कुणाला उसनी देत नाही.

पोर्टवर संशय आला तर आधी डोळ्यांनी बघा. सगळं बंद करून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तिरपा पाडा. मध्ये प्लॅस्टिकची एक जीभ दिसेल, तिच्या एका अंगाला 10 आणि दुसऱ्या अंगाला 9 पितळी रेघा. एखादी आत दबलेली, वाकून शेजारणीला टेकलेली किंवा हिरवट पडलेली दिसली की कारण सापडलं. जीभच एका बाजूला कललेली असेल तर केबलच्या वजनाने पोर्टचे टाके हलले आहेत. दुसरी खूण हाताची: चित्र येत नसताना प्लग अगदी हलक्या हाताने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबून बघा. एखाद्या बाजूला क्षणभर चित्र आलं तर पोर्टचा टाका सुटलाय. टाचणी, सुई, दातकोरणी घालून काही सरळ करायला जाऊ नका. त्या दोन रेघांत अर्ध्या मिलीमीटरचं अंतर असतं, आणि एक सरळ करताना दोन मोडतात.

टेबलापासून पाच मीटर लांब केबल लॅपटॉपच्या कडेला लोंबत असेल तर तिचा भार सगळा त्या पोर्टवर येतो. टेबलाच्या कडेला तिला एक पट्टी मारून अडकवा.

आपल्याकडचं आणखी एक कारण आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. अर्थिंग. गावभागातल्या जुन्या घरांत, आणि काही नव्या फ्लॅटमध्येही, तीन पिनी सॉकेटची वरची मोठी पिन नुसती शोभेची असते. मॉनिटरच्या मागे व्हीजीए पोर्टचे दोन स्क्रू असतात, किंवा एचडीएमआय पोर्टची बाहेरची पत्र्याची कड. मॉनिटर चालू असताना तिथे टेस्टर टेकवा. दिवा मिणमिणला, किंवा लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं, तर अर्थिंग नाही. तसल्या अवस्थेत चालू मॉनिटरला चालू लॅपटॉपची केबल खुपसली की टोकाशी बारीक ठिणगी पडते आणि पोर्टमागची चिप जाऊ शकते. चित्राच्या जोड्या मरतात, ईडीआयडीची तार कधीकधी वाचते, आणि उरतं तेच तुमचं चित्र: दिसतोय पण सिग्नल नाही. मी स्वतःच्या दुकानात माझ्याच लॅपटॉपचा पोर्ट असा घालवलाय, बाहेर वळीव कोसळत होता आणि घाई होती. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि तोवर एवढी सवय ठेवा की आधी दोन्ही यंत्रं बंद असताना एचडीएमआय जोडायची, मग वीज द्यायची.

सॉफ्टवेअरचं कारण नाही असं नाही, पण तुमच्या लक्षणांत त्याला मी कमी जागा देतो. दोनच गोष्टी करा. `Win + Ctrl + Shift + B` दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर मिटून उघडतो. आणि मॉनिटरची पॉवर केबल भिंतीतून काढून पाच मिनिटं ठेवा. नुसतं बटणाने बंद करून त्याच्या आतला अडकलेला बोर्ड रिकामा होत नाही. रिस्टार्ट तुम्ही केलाच आहे, तो बरोबर. "Shut down" करून चालू केला असता तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज जुनी अवस्थाच उचलून आणतो. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर वेग कमी करण्याची चाचणी अशी:

```
xrandr
xrandr --output HDMI-1 --mode 1280x720 --rate 60
```

पहिल्या ओळीने तुमच्या पोर्टचं नाव दिसेल, ते `HDMI-1` ऐवजी दुसरं असेल तर दुसऱ्या ओळीत ते घाला. लॉगिनला वेलँड असेल तर ही आज्ञा चालत नाही, तिथे डिस्प्ले सेटिंगमधूनच 1280 × 720 निवडा.

पोर्टच गेला असं ठरलं तर घाबरू नका. नुसते टाके सुटले असतील तर ते काम लहान आहे, चिप गेली असेल तर बोर्डाचं काम. दुरुस्तीवाल्याला आधी विचारा की मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार का, आणि चिप मिळते का. तोपर्यंत लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर त्याच्या शेजारी बघा. मॉनिटरचं किंवा विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर तिथून एचडीएमआय काढणारं अडॅप्टर बहुधा चालेल, पण प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र देतोच असं नाही, तेव्हा लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती बघून मगच अडॅप्टर घ्या. साध्या यूएसबीवर चालणारी, आत स्वतःची चित्राची चिप असलेली अडॅप्टरही मिळतात. एक्सेल, मेल, ब्राउझर याला ती ठीक, व्हिडिओला जड जातात.

आज संध्याकाळी सेट टॉप बॉक्सची केबल काढाल तेव्हा घरच्यांची मालिका संपल्यावर काढा. आणि दुरुस्तीला जायची वेळ आलीच तर मॉनिटरसोबत ती पाच मीटरची केबलही न्या, आणि "Active signal mode" चा तो कागद, त्यावर 720 ला काय झालं ते लिहून.